घोटा मुरगळल्यानंतरची वही

घोटा मुरगळला की पहिला आठवडा सगळं घर हजर असतं. फ्रीजमधून बर्फ निघतो, क्रेप बँडेज येतं, कुणी आंबेहळद उगाळतं, कुणी पायाखाली दोन उशा सरकवतं. दुसऱ्या आठवड्यात सूज ओसरते आणि चप्पल पुन्हा पायात बसू लागते. तिसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद फ्रीजवर चिकटवलेला असतो, पण व्यायाम थांबलेला असतो. दुखत नाही ना, मग कशाला करायचा? आणि काही महिन्यांनी रस्त्याच्या कडेच्या एखाद्या खळग्यात तोच घोटा, त्याच बाजूला, पुन्हा वळतो.

हे इतक्या नेमाने घडतं की आता बरेच फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या कागदासोबत आणखी एक काम देतात. रोज सकाळी दोन-तीन मिनिटं घोट्याची विचारपूस करायची आणि ती आकड्यांत लिहून ठेवायची. साधी शाळेची वही पुरते. काही जण रोज किंवा एक दिवसाआड फोनवर तेच चार प्रश्न विचारतात. वरवर ही नोंद शिस्त लागण्यासाठी वाटते, पण तिचा खरा उपयोग वेगळा आहे. आज किती व्यायाम करायचा, हे ती ठरवते. आणि दुखणं संपल्यावरही काम किती बाकी आहे, हे फक्त तिच्यातूनच दिसतं.

आधी इजेबद्दल थोडं. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आतल्या बाजूला वळतो आणि सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या कडेवर येतो. तिथे बाहेरच्या हाडापासून पुढे पावलाकडे जाणारा एक छोटा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, असतो आणि सर्वांत आधी तोच ताणला जातो किंवा थोडा फाटतो. बाहेरच्या हाडाच्या पुढे आणि खाली लिंबाएवढी सूज येते ती तिथेच. फाटलेले तंतू भरून यायला पहिले काही आठवडे लागतात, पण नव्या तंतूंना योग्य दिशा आणि ताकद यायला काही महिने जातात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. सगळा घोळ या फरकातून होतो.

व्यायाम सुरू करण्याआधी हाड मोडलेलं नाही याची खात्री हवी. त्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही सोपे निकष मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याजवळ दुखत असेल आणि घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागात दुखत असेल आणि करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तरीही काढायचा. आणि मुरगळल्यावर लगेच व नंतर तपासणीच्या वेळीही त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येत नसतील, तरीही. लंगडत टाकलेली पावलं चालतात. हे तपासणं डॉक्टरांचं काम आहे, पण चार पावलांची खूण घरच्यांनाही कळते.

आता वही. तिच्यात रोज चार आकडे असतात.

पहिला आकडा वेदनेचा. पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं टाकायची आणि शून्य ते दहा या पट्टीवर आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट कळ. चहा होण्याआधी, गरम पाण्याची बादली ओतण्याआधी आणि वेदनेची गोळी घेण्याआधी. दिवसभर दुखणं वरखाली होतं, पण सकाळच्या पहिल्या पावलांत कालच्या दिवसाचा हिशेब असतो.

दुसरा आकडा सुजेचा. त्यासाठी शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यायची आणि ती घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळायची. घोट्याच्या पुढच्या बाजूने सुरुवात करून आतल्या कमानीकडे, तळव्याखालून करंगळीच्या बाजूला, तिथून पुन्हा घोट्यावरून आतल्या हाडाच्या खाली, मागे टाचेच्या शिरेवरून बाहेरच्या हाडाखाली आणि परत सुरुवातीच्या जागी. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावं आणि टेपच्या वाटेवर पेनने दोन खुणा कराव्यात. दोन्ही पायांचं माप लिहायचं, कारण धडधाकट पाय हाच आपला नकाशा. एक सेंटिमीटरपेक्षा कमी फरकावरून मात्र काही निष्कर्ष काढू नये. टेप थोडी घट्ट किंवा सैल धरली तरी एवढा फरक पडतो.

तिसरा आकडा घोटा किती वाकतो याचा. भिंतीसमोर उभं राहायचं, पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्यायचं आणि पुन्हा टेकवायचा. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकेल तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. उकिडवं बसणं, जिना उतरणं, देवळात खाली बसून उठणं या सगळ्याला हे वाकणं लागतं. मुरगळल्यावर सर्वांत आधी तेच जातं, आणि ते पूर्ण परतलं नाही तर पाऊल बाहेर वळवून चालायची सवय लागते.

चौथा आकडा तोलाचा. एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं. भिंतीपासून हातभर अंतरावर, अनवाणी, तीस सेकंदांपर्यंत. दुसरा पाय टेकला किंवा हात भिंतीला लागला की घड्याळ थांबवायचं. भार देताना फार दुखत असेल तर पहिले काही दिवस ही जागा रिकामी सोडायची.

या चार आकड्यांखाली एक ओळ असते: काल कोणता व्यायाम किती केला, करताना जास्तीत जास्त किती दुखलं आणि काल पायाला नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. ही शेवटची गोष्ट लोक गाळतात आणि तिथेच वही आंधळी होते.

समजा, एका शाळेतल्या चाळिशीच्या शिक्षिकेचा उजवा घोटा सोमवारी संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मुरगळला. लंगडत का होईना, त्या घरी चालत आल्या. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, हाडावर कळ नव्हती, एक्स-रे काढावा लागला नाही. पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवणं, पट्टी बांधणं, थोडाफार बर्फ आणि सोसेल तेवढं चालणं. शेजारच्या काकूंनी तेल लावून जोरात चोळून द्यायची तयारी दाखवली होती. ती नाकारली हे उत्तम झालं, कारण ताज्या फाटलेल्या तंतूंना आणि आतल्या रक्तस्रावाला चोळणं मुळीच मानवत नाही.

गुरुवारी पहिली नोंद झाली. वेदना ५, टेप ५२ सेंटिमीटर आणि डाव्या पायाची ५०. भिंतीचं अंतर उजव्याचं ३, डाव्याचं १०. तोल घेतला नाही. व्यायाम साधे होते: पाऊल वर-खाली वीस वेळा, दिवसातून चार वेळा, अंगठ्याने हवेत बाराखडी काढणं, आणि पाय लांब करून पावलाभोवती पंचा अडकवून तीस सेकंद आपल्याकडे ओढणं. पाच दिवसांनी, मंगळवारी, सकाळची वेदना २ वर आली, टेप ५१ वर, भिंतीपासूनचं अंतर ६ झालं आणि एका पायावर आठ सेकंद उभं राहता आलं. म्हणून त्या दिवशी नवा व्यायाम मिळाला. ओट्याला हात टेकून दोन्ही पायांच्या टाचा उचलायच्या, दहाचे तीन गट.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी वेदना ४. भिंतीचं अंतर ५ वर घसरलेलं. टेप साडेएक्कावन्न.

वही नसती तर दोनपैकी एक गोष्ट घडली असती. एक तर ‘टाचांचा व्यायाम मला सोसत नाही’ असं म्हणून तो कायमचा बंद झाला असता, नाही तर ‘थोडं दुखणारच’ म्हणून तसाच रेटला गेला असता. पण खालच्या ओळीत लिहिलं होतं: ‘बुधवार. टाचा ३ × १०, करताना ३. संध्याकाळी भाचीची हळद, तीन तास उभी.’ व्यायामाच्या वेळचं दुखणं मर्यादेत होतं, भार मात्र एकाच दिवशी दोन ठिकाणांहून आला होता. टेपमधला अर्धा सेंटिमीटर मोजण्याच्या चुकीत मोडतो, म्हणजे घाबरण्यासारखी नवी सूज नव्हती. फिजिओथेरपिस्टने टाचांचे तीन गट एकावर आणले, बाकी सगळं तसंच ठेवलं. शनिवारी वेदना पुन्हा २ झाली, सोमवारी दोन गट सुरू झाले.

यामागचा नियम समजून घेण्यासारखा आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये टाचेच्या शिरेच्या जुनाट दुखण्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालू ठेवायला सांगितलं होतं. अट एवढीच होती की वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. अशा रुग्णांची प्रगती पळणं पूर्ण थांबवलेल्यांपेक्षा कमी झाली नाही. ताज्या मुरगळलेल्या घोट्यासाठी बरेच फिजिओथेरपिस्ट मर्यादा आणखी खाली, साधारण तीनवर ठेवतात, पण तत्त्व तेच. व्यायाम करताना थोडं दुखणं म्हणजे इजा वाढली असं नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. आकडा कालच्या सकाळएवढा किंवा कमी असेल तर आजचा व्यायाम तोच, आणि असे दोन-तीन दिवस गेले की एक पायरी वर. आकडा चढला तर व्यायाम निम्मा करायचा, बंद नाही. निम्मा करूनही दोन दिवसांत उतरला नाही तर फोन करायचा. पायरी चढताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गटांची संख्या वाढवली तर नवा व्यायाम त्याच दिवशी आणायचा नाही, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

आता शिक्षिकेच्या वहीतल्या सर्वांत नाजूक पानाकडे येऊ. अठराव्या दिवशी सकाळी वेदनेसमोर शून्य लिहिलं गेलं. टेप दोन्ही पायांची जवळजवळ सारखी. शाळा सुरू झाली होती, स्कूटर चालवणं सुरू झालं होतं. इथेच बहुतेकांची वही बंद होते.

त्यांची झाली नाही, कारण त्या आठवड्यात वेदना आणि टेपच्या रकान्यांऐवजी दोन नवे रकाने आखले गेले. एक, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. उजव्या पायावर चार सेकंद, डाव्यावर पंधरा. दुसरा, एकाच पायाची टाच पूर्ण उचलून खाली आणणं, न थांबता किती वेळा. उजव्या पायाने सात, डाव्याने एकवीस. भिंतीचं अंतरही साडेआठ होतं, दहा नव्हे. डोळे उघडे असताना तीस सेकंद सहज होत होते, म्हणून त्यांना स्वतःला पाय पूर्ण बरा वाटत होता. आकडे सांगत होते की पोटरीचं बळ एक तृतीयांशावर आहे, आणि नजरेचा आधार काढला की तोल राहत नाही.

डोळे मिटल्याने इतका फरक का पडतो, याचं उत्तर शोधण्याची सुरुवात लंडनच्या मायकेल फ्रीमन या शल्यविशारदाने १९६५ मध्ये केली. सांध्याच्या अस्थिबंधांत मज्जातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कुठे, किती वळलंय ही बातमी ती मेंदूला पुरवतात. घोटा मुरगळताना ही टोकंही दुखावतात, असं फ्रीमन यांचं म्हणणं होतं. त्यांनी रुग्णांना डुलणाऱ्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि ‘पाय दगा देतो’ अशी तक्रार त्यांच्यात कमी राहिली. त्यांच्या मूळ कल्पनेत नंतरच्या संशोधनाने बरीच भर घातली आहे. आज मज्जासंस्था सबंध पायाचं नियंत्रण नव्याने कसं बसवते यावर भर दिला जातो. पण तोलाचा व्यायाम टिकला, कारण त्याचा फायदा मोजून दिसला. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकताच घोटा मुरगळलेले ५२२ खेळाडू होते. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले आणि त्यांतल्या निम्म्यांना त्याखेरीज आठ आठवड्यांचे तोलाचे व्यायाम घरीच, कुणाच्या देखरेखीशिवाय करायला दिले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. व्यायाम न दिलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं.

हे खेळाडू उपचार संपवून पुन्हा मैदानाकडे वळलेले होते. म्हणजे ज्या टप्प्यावर आपण कागद फ्रीजवरून काढून टाकतो, तिथून हा कार्यक्रम सुरू झाला. शिक्षिकेनेही तेच केलं. आठवड्यातून तीन दिवस, आधी सपाट जमिनीवर डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर डोळे उघडे ठेवून, मग त्याच चादरीवर मान डावी-उजवीकडे वळवत. शेवटी एका पायावर उभं राहून भिंतीवर चेंडू टाकणं आणि झेलणं. डोळे मिटायचे ते दाराच्या चौकटीत किंवा कोपऱ्यात उभं राहून, दोन्ही बाजूंना आधार हाताशी असताना. वय जास्त असेल किंवा आधीपासून चक्कर येत असेल, तर हे एकट्याने करू नये. आठव्या आठवड्याच्या शेवटी आकडे असे होते: भिंत साडेनऊ, डोळे मिटून तेरा सेकंद, टाचा एकोणीस. डाव्या पायाच्या नऊ-दशांशापर्यंत किंवा त्याच्या अगदी जवळ. रोजची नोंद तिथे थांबली.

अशी वही फसते तीही ठरावीक प्रकारांनी. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे सबंध आठवड्याच्या नोंदी रविवारी रात्री एकदम भरणं. त्या लगेच ओळखू येतात, कारण आकडे रोज नेमके एकेकाने उतरलेले असतात आणि खरा घोटा असा वागत नाही. दुसरा प्रकार, एक दिवस सकाळी मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दिवसभर पाय खाली लोंबल्यावर सूज थोडी वाढतेच, मग इजा उलटली अशी उगाच धास्ती बसते. तिसरा प्रकार गोळी घेऊन व्यायाम करण्याचा. दुखणं झाकलं गेलं की मर्यादा सांगणारा आकडाच खोटा ठरतो.

फोनवर विचारपूस होत असेल तर प्रश्नांवर बरंच अवलंबून असतं. ‘कसं वाटतंय?’ याला मराठी माणसाचं उत्तर ठरलेलं आहे: ‘बरं आहे.’ ‘व्यायाम झाला का?’ यालाही ‘हो’ म्हणणं सोपं असतं. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट विचारतात, ‘आज भिंतीपासून किती?’ ‘जिना उतरताना कठडा धरलात का?’ कधी टाच उचलतानाचा, मागून काढलेला छोटा व्हिडिओ मागवतात. त्यात त्यांना दोन गोष्टी पाहायच्या असतात: टाच सरळ वर जाते की बाहेर झुकते, आणि भार अंगठ्याच्या मुळावर येतो की करंगळीकडे पळतो. तो करंगळीकडे जात असेल तर संख्या वाढवण्यात अर्थ नाही, कारण पाऊल मुरगळायच्या दिशेनेच सरावत असतं. घरच्यांनाही ही युक्ती वापरता येते. ‘बाबा, व्यायाम केला का?’ यापेक्षा ‘बाबा, आज डोळे मिटून किती सेकंद?’ हा प्रश्न खरं उत्तर काढतो.

काही नोंदी मात्र वहीत लिहून स्वस्थ बसण्याच्या नसतात. पोटरीत सूज, ऊब आणि दाबल्यावर दुखणं, किंवा अचानक धाप लागणं, ही रक्ताची गाठ झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाऊल बधिर किंवा गार पडलं, रात्री झोपेतून उठवणारी कळ येऊ लागली, सांधा अडकू लागला, किंवा आठवडाभरात चालण्यात काहीच सुधारणा नसली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावं. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये दुखत असेल तर ती वेगळी, जास्त वेळ घेणारी इजा असते. तिला हा कार्यक्रम जसाच्या तसा लागू पडत नाही.

घोटा मुरगळून आठ-दहा दिवस झाले असतील आणि हाडाची इजा नाही हे डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर उद्या सकाळी आधी चांगल्या पायाची मापं घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दुखऱ्या पायाला पोहोचायचं आहे ते तिथे. आणि ज्या दिवशी वेदनेसमोर शून्य पडेल, त्या दिवसाच्या तारखेत सहा आठवडे मिळवून कॅलेंडरवर खूण करा. तोवर वही बंद करू नका.